शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी: पालकांना हे पत्र पाठवावं का?

वर्गशिक्षिका
शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी हे पत्र लिहिलंय. काय खटकतं ते स्पष्ट सांगा.

"सप्रेम नमस्कार. घरी बुद्धिमत्तेचे रोज पाचच प्रश्न घ्या, तेही एकाच प्रकारचे. घड्याळ लावू नका. उत्तर बरोबर असो वा चूक, 'कसं काढलंस?' एवढंच विचारा. तीन मिनिटांत नाही सुटला, तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका आणि दुसऱ्या दिवशी काढा. गुण मांडू नका."

सुहास_पालक
बाई, हेतू चांगला आहे, पण घड्याळाचं पटत नाही. दुसऱ्या पेपरला 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. त्यातले 50 प्रश्न बुद्धिमत्तेचे. घरी तीन मिनिटांची सवय लावली तर मूल परीक्षेत अडकणारच. शिवाय सूत्रं आहेत ना? रांगेच्या गणितात दोन्ही क्रमांकांची बेरीज करून एक वजा करायचा, दहा सेकंदांत उत्तर.

मधुरा_गणित
सुहासदादा, ते सूत्र एकाच मुलाचे दोन क्रमांक दिले असतील तेव्हाच चालतं. राजू पुढून 8वा, मागून 15वा, तर रांगेत 22 मुलं. मूल 23 म्हणालं तर ओळखा, राजूला दोनदा मोजलंय. चिंचोके घ्या आणि आकडे लहान करा: पुढून तिसरा, मागून चौथा. रांग मांडली की सहाच चिंचोके लागतात आणि एक का वजा होतो ते मुलाला स्वतःच दिसतं.

आता हा प्रश्न बघा: मीना डावीकडून 7वी, सीमा उजवीकडून 9वी, दोघींच्या मध्ये 4 मुली. फक्त सूत्र पाठ असलेलं मूल 15 म्हणतं. मीना सीमाच्या डावीकडे असेल तर 7, 4 आणि 9 मिळून 20. सीमा डावीकडे असेल तर दहाच, कारण मग 7व्या मीनाच्या आधीच्या 4 मुली सोडल्या की सीमा डावीकडून 2री येते, आणि तीच उजवीकडून 9वी. कोण कुठल्या बाजूला आहे ते प्रश्नात दिलेलं असतं. घाईने वाचणाऱ्याकडून नेमकं तेच सुटतं.

आर्याची_आई
माझी मुलगी पहिलीत आहे. तिच्यासाठी कोणती सरावपुस्तिका घेऊ? आत्तापासून सुरुवात केली तर पुढे ताण येणार नाही ना?

मधुरा_गणित
ताई, हे पत्र शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांसाठी आहे. पहिलीत पुस्तिका नको. घरातली बटणं आधी रंगाने वेगळी करू द्या, मग भोकांच्या संख्येने. वर्गीकरणाचं बीज तेच आहे.

सुहास_पालक
सूत्राचं मान्य. वेळेचं अजून नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. वेळ मोजावी, पण रीत पक्की झाल्यावर. कच्च्या मुलापुढे घड्याळ ठेवलं की ते विचार सोडून पर्याय निवडतं. चार पर्यायांत अंदाजाने ठोकलेल्या दहांपैकी दोन-तीन बरोबर येतातच आणि पालकांना वाटतं प्रगती झाली. म्हणून समासात दोन शब्दांत कारण लिहून घ्या. एका प्रकारात सलग तीन दिवस पाचपैकी चार कारणं नीट आली, की त्या प्रकाराला वेळ लावा. तीही गजर न लावता. सुरुवात आणि शेवट कधी झाला ते पालकांनी आपल्या वहीत टिपावं.

बाई, 'उत्तर चूक असलं तरी कसं काढलंस विचारा' हे वाक्य मात्र ठळक करा. वर्गीकरणात तर ते फार गरजेचं. 9, 16, 25, 27 यांत वेगळा कोण? पुस्तक म्हणतं 27, कारण बाकीच्या वर्गसंख्या. मूल म्हणतं 16, कारण बाकीच्या विषम. मुलाचं कारण निर्दोष आहे! तिथे लाल फुली मारली, तर पुढच्या वेळी ते स्वतःचं डोकं न चालवता तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देईल. अशा वेळी 'हेही खरं, अजून काही दिसतं का?' असं विचारावं. 16 च्या जागी 49 टाकला की दुसरी वाट बंद होते. प्रश्न कुठे सैल होता, तेही मुलाला दाखवावं.

सुहास_पालक
पण सर, परीक्षेत उत्तरसूचीत बहुतेक प्रश्नांना एकच पर्याय असतो. तिथे मुलाने 16 निवडला तर गुण गेलेच ना?

निवृत्त_मुख्याध्यापक
गेले. सम-विषम तपासून थांबू नये, वर्ग-घन आणि मूळ संख्याही बघाव्यात, एवढंच शिकवता येतं. त्यातून कोणता नियम प्रश्न काढणाऱ्याच्या मनात होता, याची खात्रीची युक्ती माझ्याकडे नाही.

मधुरा_गणित
मला तर असे प्रश्न घरच्या सरावातून काढूनच टाकावेसे वाटतात.

वर्गशिक्षिका
काढणार नाही, मधुराताई. मुलं त्यांवरच सगळ्यात जास्त बोलतात. 'घड्याळ लावू नका' याऐवजी आता असं लिहितेय: "सलग तीन दिवस पाचपैकी चार प्रश्नांची कारणं मुलाने नीट सांगितल्यावरच वेळ टिपा, मुलाला न दाखवता." चिंचोक्यांची रांग पत्राच्या मागच्या बाजूला काढून देते. डब्यातली चिठ्ठी दुसऱ्या दिवशीही सुटली नाही, तर शाळेत पाठवा असं लिहू, की अजून एक दिवस थांबायला सांगू?