मदत हवी आहे: बसकाकांच्या आभारपत्रातलं एक वाक्य

इंदिरानगरच्या थांब्यावरचे आम्ही बारा पालक वर्षअखेरीस स्कूलबसच्या काकांना आभारपत्र देतोय. मराठीत, हाताने लिहिलेलं, एक पान, खाली मुलांच्या सह्या. बसमधल्या मावशींना वेगळं पत्र आहे, पैशांचं पाकीटही वेगळं.

‘आपल्या अमूल्य सेवेबद्दल’ काढून टाकलं, ते सत्काराच्या शालीसारखं कुणालाही चालतं. त्याऐवजी दोन गोष्टी लिहिल्या: बोगद्यापाशी वाहतूक तुंबली की मावशींकरवी आधी निरोप येतो, आणि उशीर झालेल्या मुलासाठी काका मिनिटभर थांबतात.

अडचण दुसऱ्या वाक्याची. थांबायचं नाही असा शाळेचा नियम आहे आणि काका पत्र नक्कीच सुपरवायझरला दाखवतील. कौतुकच तक्रार ठरायचं! ते गाळायचं नाहीये. नियमभंग न दिसता हे कसं लिहावं?