रीडला पुरलेली पल्स राइटला का पुरत नाही

"एसरॅमच्या सेलला वर्डलाइनची तीच पल्स ठेवली तर रीड बरोबर येतं पण राइट होत नाही, असं का?"

अरे, रीडमध्ये सेलला पलटायचंच नसतं ना. दोन्ही बिटलाइन आधी 1 व्होल्टला चार्ज करून सोडतात, वर्डलाइन उघडली की 0 च्या बाजूची हळूहळू उतरते आणि साधारण 0.1 व्होल्टचा फरक पडला की सेन्स अँप्लिफायरला पुरतं. राइटला मात्र ड्रायव्हर एक बिटलाइन पार 0 ला ओढतो, 1 धरून बसलेल्या पीमॉसला हरवावं लागतं आणि समोरचा इन्व्हर्टर पलटेपर्यंत वर्डलाइन उघडी हवी. बडोद्याला कॉलेजात माझ्या सिम्युलेशनमध्ये हेच झालेलं, 1 धरलेला नोड 0.6 पर्यंत उतरला, पल्स संपली, परत 1 वर गेला. दोन्ही नोडचे वेव्हफॉर्म एकावर एक लावून बघ, ते क्रॉस व्हायच्या आधीच वर्डलाइन पडत असणार.