मदत हवी आहे: भावाचे पाय अचानक लुळे पडले, पोटॅशियम १.९ होतं, तरी डॉक्टरांनी ते मध्येच का थांबवलं?

सायली_नाशिक
भाऊ २६ वर्षांचा, वजन ६२ किलो. शनिवारी दिवसभर व्हॉलीबॉलचे सामने खेळला, रात्री लग्नात भरपूर श्रीखंड-पुरी जेवला. पहाटे चारला जाग आली तर मांड्या हलेनात. पाऊल जेमतेम हलत होतं, हातात थोडी ताकद होती. बोलणं, गिळणं, श्वास, लघवी सगळं नीट. स्पर्शही कळत होता. दवाखान्यात नाडी ११८, पोटॅशियम १.९. थायरॉईडचा टीएसएच जवळजवळ शून्य, टी३-टी४ खूप वाढलेले.

सात वाजता सलाईनमधून पोटॅशियम सुरू केलं, तासाला १० एमईक्यू. नऊला तपासलं तर १.८! अकराला २.६ झालं, तोवर एकूण ४० गेलं होतं, आणि डॉक्टरांनी ते बंद केलं. सोबत प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या दिल्या. आमचे काका चिडले, "२.६ म्हणजे अजून कमीच आहे, बंद काय करता?" दुपारी एकला ३.३ आणि पाय हलायला लागले. संध्याकाळी सहाला, पोटॅशियम आणखी काही न देता, ४.८.

आता तो घरी आहे, पण पोटॅशियमचं सिरप लिहून दिलेलं नाही. मेडिकलवाले म्हणतात महिनाभर चालू ठेवा. काय करावं?

कोयनाकाठ
मलाही पोटॅशियम कमी होऊन पाय गेले होते. मी सहा वर्षं रोज सिरप घेते. एक दिवस चुकला तरी अशक्तपणा येतो. तुमच्या डॉक्टरांना परत विचारा, सिरप बंद ठेवणं बरोबर वाटत नाही.

वॉर्डसिस्टर
तासाला १० हा वेग योग्यच आहे. हातातल्या शिरेतून त्याहून जास्त दिलं तर शीर जळते, आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून मॉनिटर लागतो. पोटॅशियमची अँप्यूल १० मिलीची असते, त्यात २० एमईक्यू. ती कधीही थेट शिरेत द्यायची नाही, बाटलीत टाकून बाटली नीट उलटसुलट करायची, नाहीतर सगळं तळाशी राहून एकदम जातं. आम्ही बहुतेकदा पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये देतो. घरी नारळपाणी, केळी भरपूर द्या.

अंतर्ग्रंथी
सायली, तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं.

भावाच्या शरीरातलं पोटॅशियम कमी झालेलंच नव्हतं. ते रक्तातून स्नायूंच्या पेशींमध्ये शिरलं होतं. पैसे चोरीला गेले नव्हते, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवले होते. थायरॉईडचं हार्मोन जास्त असलं की पेशींवरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप जास्त जोरात चालतात. गोड आणि पिठूळ जेवणाने इन्सुलिन वाढतं, तेही याच पंपाला ढकलतं. अ‍ॅड्रिनलिनही तेच करतं. कष्टाच्या व्यायामानंतर विश्रांती घेताना असा लुळेपणाचा झटका येतो, कारण व्यायामात स्नायूंतून बाहेर आलेलं पोटॅशियम त्या वेळी पुन्हा आत खेचलं जातं. व्हॉलीबॉल, श्रीखंड-पुरी आणि मग झोप, हे तिन्ही एका रात्रीत आले. थायरॉईडचा आजार बायकांत कितीतरी जास्त, पण हा झटका मात्र बहुतेक तरुण पुरुषांनाच येतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांत जास्त. अनेकांना त्याआधी वजन घटणं किंवा हात थरथरणं फारसं जाणवलेलंही नसतं.

आता हिशेब बघा. जुलाबाने किंवा लघवीतून हळूहळू पोटॅशियम गेलं असेल, तर रक्तातली पातळी साधारण ०.३ ने घटली की शरीरातून १०० एमईक्यूच्या आसपास गेलं असं ढोबळ धरतात. त्या हिशेबाने १.९ ला पाचशेहून जास्त द्यावं लागेल. इथे तो हिशेब लागूच नाही. झटका ओसरला की आत गेलेलं सगळं आपोआप बाहेर येतं, आणि वरून दिलेलं त्यात मिसळतं. मग पातळी सहा-सातवर जाऊन हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून थोडंच द्यायचं, दर दोन तासांनी तपासायचं, ईसीजीवर लक्ष ठेवायचं आणि पातळी वर वळली की हात आखडता घ्यायचा. दिवसभरात ९० एमईक्यूच्या पुढे गेलं की उसळीचा धोका चांगलाच वाढतो. तुमच्याकडे ४० मध्ये काम झालं, आणि संध्याकाळचा ४.८ हा आकडाच सांगतो की आणखी दिलं असतं तर काय झालं असतं.

नऊचा १.८ पाहून घाबरायचं कारण नाही. पोटॅशियम सुरू केल्यावरही काही रुग्णांत पातळी आधी थोडी खाली जाते. नेमक्या याच क्षणी वेग दुप्पट करायचा मोह होतो आणि त्यानेच पुढची उसळी वाढते.

अंतर्ग्रंथी
सिस्टर, अँप्यूल आणि वेगाबद्दल तुमचं अगदी बरोबर. पण या आजारात डेक्स्ट्रोज नको. साखरेने इन्सुलिन वाढतं आणि दिलेलं पोटॅशियमही आत ओढलं जातं. नॉर्मल सलाईनच हवं. धाप लागली म्हणून साल्ब्युटामॉलची वाफ देतानाही हेच लक्षात ठेवा, तीही पोटॅशियम आत ढकलते.

कोयनाकाठ ताई, तुमच्या फाइलमध्ये बायकार्बोनेट कमी आणि लघवीत पोटॅशियम जास्त असं लिहिलंय का?

कोयनाकाठ
हो. मूत्रपिंडाच्या नळ्यांचा आजार आहे असं सांगितलंय.

अंतर्ग्रंथी
मग तुमचं पोटॅशियम लघवीतून खरंच गळतं आणि ते रोज भरून काढायला हवं. तुम्ही सिरप अजिबात बंद करू नका. सायलीच्या भावाच्या लघवीत ते झटक्याच्या वेळी कमीच असायला हवं, आणि रक्ताची आम्लता साधारण ठीक. लुळेपणा तोच, पण उपाय उलटा. थायरॉईड तपासायच्या आधी घाईत हा फरक निसटतो. स्पर्श शाबूत आणि पोटॅशियम कमी असेल तर गुलियन-बारे या नसांच्या आजारापेक्षा आधी याचाच विचार करायला हवा.

सायली_नाशिक
म्हणजे घरी सिरप नकोच? नारळपाणी?

अंतर्ग्रंथी
दोन झटक्यांच्या मधल्या काळात रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल असतं, तेव्हा सिरपने पुढचा झटका टळत नाही. नारळपाणी आणि केळी जेवणात जेवढी येतात तेवढी ठीक, औषध म्हणून नाही. झटका टाळतं ते प्रोप्रॅनोलॉल, आणि खरा इलाज थायरॉईड नियंत्रणात आणणं. भावाला दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आधी सांगा. थायरॉईडसाठी कार्बिमॅझोलची गोळी सुरू असेल आणि ताप किंवा घसादुखी आली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. टी३-टी४ नॉर्मल होईपर्यंत जड गोड जेवण, दारू आणि दमवणारा खेळ टाळा. पाय पुन्हा जड वाटले तर घरी पोटॅशियम पाजत बसू नका, दवाखान्यात न्या. गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर अ‍ॅम्ब्युलन्सच.

वॉर्डसिस्टर
डेक्स्ट्रोजचं लक्षात ठेवीन. पण मग पोटॅशियम द्यायचंच कशाला, नुसतं प्रोप्रॅनोलॉल दिलं तर?

अंतर्ग्रंथी
काही जण तसंच करतात, तोंडाने मोठा डोस देऊन, आणि पोटॅशियम बेताचं किंवा अजिबात न देता झटका सुटल्याची उदाहरणं आहेत. पोटॅशियम दिलं की ताकद लवकर येते, पण उसळीही जास्त वेळा येते. १.९ आणि ईसीजीत बदल असताना मी थोडं तरी देईन. याबाबत सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही.

सायली_नाशिक
दमा नाही. गुरुवारी थायरॉईडवाल्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. प्रोप्रॅनोलॉल किती दिवस, हे त्यांना विचारते. काकांना तुमचा हिशेब वाचून दाखवला, त्यांनी ४.८ चा रिपोर्ट दोनदा मागून पाहिला.