मदत हवी आहे: सहलीची तारीख बदलली, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना कशी टाकू?

सातवी_ब_च्या_बाई

आमची शाळा गेवराई तालुक्यात आहे. सातवीच्या दोन तुकड्या, 78 लेकरं. वेरूळ आणि देवगिरी किल्ल्याची सहल मंगळवार 16 डिसेंबरला ठरली होती. तशी सूचना 5 तारखेला लेटरहेडवर छापून, तिचा फोटो काढून तिन्ही ग्रुपवर टाकली. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात हे काल लक्षात आलं. आता सहल गुरुवार 18 डिसेंबरला न्यायची आहे. बस पहाटे 6 ला निघेल, परत यायला रात्रीचे 8 होतील. संमतीपत्रं 16 तारखेच्या नावाने आधीच भरून आली आहेत. फी 450 रुपये, तीही जमा आहे.

खालचा मसुदा आज रात्री टाकणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, आधी कुणाला तरी दाखवा.

> सर्व पालकांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव आपल्या पाल्यांच्या शैक्षणिक सहलीच्या नियोजनात बदल करण्यात आला असून सदर सहल आता दि. 18 रोजी आयोजित करण्यात येत आहे. तरी सर्व पालकांनी याची नोंद घेऊन आवश्यक ती पूर्तता करावी व सहकार्य करावे, ही विनंती.

काय बदलू?

गोदाकाठ

बाई, लेणी सोमवारी बंद असतात. मंगळवारी चालू असतात. तारीख बदलायची गरजच नाही, आधी चौकशी करा. आणि बदलायचीच असेल तर पहिला मेसेज डिलीट करून टाका, म्हणजे घोळ मिटला.

चावी_कुणाकडे

दादा, सोमवारी अजिंठा बंद असतो, वेरूळ मंगळवारी. बाईंचं बरोबर आहे. देवगिरी किल्ला आठवडाभर उघडा असतो, त्यामुळे गुरुवारी दोन्ही जमतं.

डिलीटचं म्हणाल तर आता ते होणार नाही. फोटो 5 तारखेला टाकला, आज 8. सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दोन दिवसांच्या थोडी पुढे असते, नंतर तो पर्याय दिसतच नाही. आणि झाला असता तरी तो फोटो पालकांच्या गॅलरीत उतरलेला आहे, भावकीच्या ग्रुपवर गेलेला आहे. तो मागे घेता येत नाही, म्हणून नव्या सूचनेत त्याचं नाव घेऊनच तो रद्द करावा लागतो. "5 डिसेंबरचा लेटरहेडचा फोटो रद्द समजा" असं स्पष्ट लिहा. आणि नवी सूचना त्या जुन्या फोटोलाच रिप्लाय म्हणून टाका. म्हणजे जुना फोटो नव्या मेसेजच्या डोक्यावर दिसतो आणि दोन्हींचं नातं कळतं.

आता मसुदा. यात पालकाने करायचं काम कुठेच नाही. "आवश्यक ती पूर्तता" म्हणजे काय? वाचणारा विचारणार: पैसे परत भरायचे का? सही परत लागेल का? 16 ला शाळा आहे का? तुमच्या मसुद्यात तिन्हींची उत्तरं नाहीत. मग 78 पैकी निम्मे तरी फोन करतील आणि बाकीचे आपापल्या अंदाजाने वागतील. सगळ्यात मोठा धोका 16 तारखेचा आहे. ज्याला नवी सूचना दिसली नाही, त्याचं लेकरू 16 ला पहाटे साडेपाचला, डिसेंबरच्या गारठ्यात, बंद फाटकासमोर उभं राहील. म्हणून "16 ला सहल नाही, नेहमीच्या वेळेला शाळा आहे" हे वाक्य सूचनेत हवंच. जुन्या तारखेला काय करायचं, हेच बहुतेक लोक लिहायचं विसरतात.

"दि. 18 रोजी" असं एकटं लिहू नका. वार जोडा, महिना जोडा. "उद्या", "परवा", "येत्या गुरुवारी" हे शब्द तर अजिबात नकोत. मेसेज दोन दिवसांनी पुढे पाठवला गेला की "परवा" भलत्याच दिवशी येतो.

"अपरिहार्य कारणास्तव" काढा. कारण साधं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही: मंगळवारी लेणी बंद असतात. कारण कळलं की अफवा थांबतात. नाहीतर बस मिळाली नाही, कुणी आजारी पडलं, असलं काहीतरी फिरायला लागतं.

लेकीची_आई

आमच्याही शाळेनं अशीच तारीख बदलली आणि आता मुलगी जाऊ शकत नाही, मामाचं लग्न आलंय. पैसे परत मिळतात का? शाळा म्हणते खासगी ट्रॅव्हल्सला ॲडव्हान्स दिला. ग्राहक मंचात जाता येईल का?

चावी_कुणाकडे

ताई, इथं प्रश्न सूचना कशी लिहायची याचा आहे. तुमचा वेगळा धागा काढा. पण बाई, यातून एक गोष्ट घ्या. नव्या तारखेला ज्यांना जमत नाही त्यांनी कुणाला, कधीपर्यंत कळवायचं आणि त्यांच्या पैशांचं काय, ही एक ओळ तुमच्या सूचनेत हवी. पैशाचं काय ते मुख्याध्यापकांशी बोलून आधी ठरवा, मगच लिहा.

आगार_ते_शाळा

एक गोष्ट कुणी विचारली नाही. एसटी आहे की खासगी? एसटी असेल तर गाडी प्रासंगिक करारावर 16 तारखेची घेतलेली असणार. शाळेच्या सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, पण ती त्या करारावरच असते. आगारात 18 ची गाडी लेखी मिळाल्याशिवाय पालकांना तारीख सांगू नका. शिक्षण विभागाची परवानगीही तारखेनिशीच असते, तीही बदलून घ्या. एकदा बदललेली सूचना पालक मानतात. दुसऱ्यांदा बदलली की तिसरी कुणी वाचतच नाही.

सातवी_ब_च्या_बाई

एसटीच आहे, दोन गाड्या. आज आगारात शब्द मिळालाय, पत्र उद्या दुपारपर्यंत देतो म्हणाले. म्हणजे आज रात्री टाकू नको?

आगार_ते_शाळा

शब्दावर टाकू नका. उद्या पत्र हातात आलं की लगेच टाका. एका रात्रीनं काही बिघडत नाही.

चावी_कुणाकडे

मला ते निम्मंच पटतं. 18 ची वाट बघा, पण "16 ची सहल रद्द, नवी तारीख उद्या संध्याकाळी 6 पर्यंत कळवू" एवढं आजच टाकता येतं. 16 ला सहल नाही हे तर नक्की आहेच.

ही माझी मांडणी. उद्या पत्र आल्यावर टाका:

> सातवी अ आणि ब: सहलीची तारीख बदलली. 16 डिसेंबरला सहल नाही. सहल गुरुवार, 18 डिसेंबरला आहे.
> मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून बदल. 5 डिसेंबरचा लेटरहेडचा फोटो रद्द समजा.
>
> पालकांनी करायचं:
> 1. नवीन संमतीपत्र मुलाच्या डायरीत चिकटवलेलं येईल. सही करून शुक्रवार, 12 डिसेंबर, दुपारी 4 पर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या. जुनं चालणार नाही, त्यावर तारीख 16 आहे.
> 2. 18 तारखेला पहाटे 5:30 ला मूल शाळेच्या फाटकाशी आणा. बस 6 ला निघते.
> 3. रात्री 8 ला फाटकाशी घ्यायला या. दुसरं कुणी येणार असेल तर त्याचं नाव संमतीपत्रावर लिहा.
> 4. 18 ला जमत नसेल तर 12 डिसेंबरपर्यंतच वर्गशिक्षकांना सांगा. (फीचं काय ते इथे एका ओळीत लिहा.)
>
> बदललं नाही: फी 450 रुपये भरलेलीच आहे, पुन्हा भरायची नाही. मंगळवार, 16 डिसेंबरला नेहमीच्या वेळेला शाळा आहे.

पहिली ओळ जाड अक्षरात आणि पूर्ण ठेवा. फोन लॉक असताना तेवढीच दिसते, आणि लांब मेसेज उघडल्यावरही खालचा भाग "आणखी वाचा" दाबल्याशिवाय दिसत नाही. नमस्कार, महोदय, आपला विश्वासू, हे सगळं गाळलंय, कारण ते वर घातलं की तारीख खाली जाते.

मजकूर टाइप करूनच टाका, लेटरहेडचा फोटो नको. फोटोतलं अक्षर छोट्या मोबाइलवर वाचवत नाही आणि कुणाला तारीख शोधायची असेल तर शोधात फोटो सापडत नाही. टाकल्यावर मेसेज पिन करा. पिनला 24 तास, 7 दिवस आणि 30 दिवस असे पर्याय असतात, 30 घ्या. 7 घेतले तर तो 18 च्या आधीच उतरेल. चूक सापडली तर दुरुस्ती फक्त पहिल्या 15 मिनिटांत करता येते, त्यामुळे टाकण्याआधी मुख्याध्यापकांना वाचायला द्या. आणि टाकल्यानंतर थोडा वेळ फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग ठेवा, नाहीतर "ओके मॅडम" आणि हात जोडलेल्या चित्रांखाली सूचना गाडली जाते.

धारूर_वरून

तुमचं सगळं ठीक हाय, पण एक इसरलं. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मी गावं ऊसतोडीला जातात. फोन बापाच्या खिशात, बाप कारखान्यावर सांगली-कोल्हापूरकडं, लेकरू गावात आजीजवळ. तुमची सूचना बाप वाचील, निळी खूण येईल, तुम्ही म्हणाल कळलं. लेकराला पहाटे उठवणार कोण? आजी. तिच्यापर्यंत काय गेलं?

चावी_कुणाकडे

हे मी धरलंच नव्हतं. बरोबर आहे. मेसेज वाचला म्हणजे घरी कळलं असं नसतं. बाई, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत ते तुम्हाला माहीतच असणार. त्या लेकरांची यादी काढा. त्यांना संमतीपत्राच्या वर एक छोटी चिठ्ठी लावा: मोठ्या अक्षरात तारीख, वार आणि पहाटेची वेळ. आणि ग्रुपवर सूचनेबरोबर वीस-तीस सेकंदांचा आवाजी मेसेजही टाका, तुमच्याच आवाजात. बापाला तो घरच्यांना फोनवर ऐकवता येतो, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं. फक्त आवाजात सांगितलेली तारीख आणि लिहिलेली तारीख एकच असू द्या. घाईत जुनी 16 तोंडात बसलेली असते.

सातवी_ब_च्या_बाई

अशी 11 लेकरं आहेत. त्यांच्या संमतीपत्रावर आजी-आजोबांचा अंगठा चालेल का? की बापाने ग्रुपवर "हो" लिहिलेलं पुरे?

गोदाकाठ

बापाचं "हो" पुरे. स्क्रीनशॉट ठेवा.

आगार_ते_शाळा

ग्रुपवरच्या "हो" वर मी नेणार नाही. कोण कशाला हो म्हणालं ते नंतर कळत नाही. कागद लागतोच. अंगठा चालेल की नाही हे मात्र मुख्याध्यापकांनी लेखी ठरवावं, तुम्ही वर्गात ठरवू नका.

धारूर_वरून

बापाला संमतीपत्राचा फोटो पाठवा, तो तिकडं सही करून परत फोटो पाठवील. आमच्याकडं असंच चालतंय. छापायला प्रिंटर लागतो म्हणून काही जण कोऱ्या कागदावर लिहून पाठवतात, ते घेतलेलं बी बघितलंय, परत पाठवलेलं बी.

सातवी_ब_च्या_बाई

मुख्याध्यापकांना उद्या विचारते. आज रात्री फक्त "16 ची सहल रद्द, त्या दिवशी नेहमीची शाळा, नवी तारीख उद्या 6 पर्यंत" एवढं टाकलंय, 30 दिवसांसाठी पिन करून. जुन्या फोटोला रिप्लाय म्हणून.

चावी_कुणाकडे

उद्या नवी सूचना टाकली की हा आजचा पिन काढा. दोन्ही वर राहिले तर लोक "नवी तारीख उद्या" हेच वाचत बसतील.