मुक्षीय मामृतात् : यातला ‘मा’ म्हणजे ‘मला’ की ‘नको’?

रानजाई
‘त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पुष्टिवर्धनम् । उर्वारुकमिव बन्धनान्मृत्योर्मुक्षीय मामृतात् ॥’ हे आमच्याकडे रोज संध्याकाळी म्हणतात, त्यामुळे पाठ कधी झालं तेही आठवत नाही. घरातल्या जुन्या पुस्तिकेत शेवटच्या ओळीचा अर्थ ‘मला मृत्यूपासून सोडवून अमृताकडे ने’ असा छापलाय. परवा दुसरं एक पुस्तक हाती आलं, त्यात ‘मृत्यूपासून सोडव, अमृतापासून नको’ असं आहे. शब्द तोच, मामृतात्, आणि एकात मा म्हणजे मला आणि दुसऱ्यात मा म्हणजे नको! हे कसं काय? कुणी शब्द शब्द सुटा करून सांगेल का? आणि इतक्या गंभीर मंत्रात काकडीच का घेतली तेही सांगा, मला लहानपणापासून पडलेला प्रश्न आहे.

मूळाक्षर
त्र्यंबक म्हणजे नाशिकजवळचं त्र्यंबकेश्वर. तिथल्या ज्योतिर्लिंगाला उद्देशून हा मंत्र आहे.

अनुस्वार
मूळाक्षर, नाव एकच आहे पण मंत्रात गावाचा संबंध नाही, देवाच्या नावावरून गावाचं नाव पडलं. ऋचा ऋग्वेदात सातव्या मंडलात आहे, 59 व्या सूक्ताची शेवटची, बारावी. गंमत म्हणजे अख्खं सूक्त मरुतांचं आहे आणि ही एकच ऋचा शेवटी रुद्राला उद्देशून येते.

रानजाई, सुरुवातीचे शब्द पटकन घेतो. यजामहे म्हणजे आम्ही यजन करतो, पूजतो. सुगन्धिं म्हणजे ज्याचा गंध चांगला आहे असा, हे देवाचं विशेषण. मूळ शब्द गन्ध, पण मागे सु लागला की समासात गन्धि होतो, पाणिनीचं त्यासाठी वेगळं सूत्रच आहे. पुष्टिवर्धनम् म्हणजे पोषण, भरभराट वाढवणारा. त्र्यम्बक म्हणजे तीन डोळ्यांचा हा आपल्या ओळखीचा अर्थ, पण अम्बक म्हणजे डोळा हा वापर नंतरचा दिसतो. यजुर्वेदात रुद्राला म्हटलंय की तुझी बहीण अम्बिका हिच्यासह हा तुझा वाटा घे, आणि शतपथ ब्राह्मण त्र्यम्बक हे नाव त्या अम्बिकेशीच जोडतं. म्हणजे अम्बा, आई किंवा बाई, हा धागाही तितकाच जुना आहे. मला तरी डोळ्यांपेक्षा तो जास्त जुना वाटतो.

म्हणताना एक करून बघा. अनुष्टुभ् छंदाच्या चरणात आठ अक्षरं लागतात आणि त्र्यम्बकं यजामहे मोजलं तर सातच भरतात. त्रियम्बकं म्हणा, आठ होतात. कालिदासानं कुमारसंभवात सरळ त्रियम्बकं असंच लिहिलंय.

आता मा. वेदाच्या सस्वर छापील प्रतीत ही ओळ काढा आणि अक्षरांच्या वरखालच्या रेघा बघा. मुक्षीय मधल्या य च्या खाली आडवी रेघ आहे. पुढच्या मा ला वर खाली काहीच नाही. मृ ला पण नाही. आणि ता च्या डोक्यावर उभी रेघ आहे. ज्या अक्षराला काहीच खूण नाही आणि ज्याच्या आधीच्या अक्षराखाली आडवी रेघ आहे ते उदात्त, म्हणजे मा वर जोर आहे. ‘मला’ या अर्थाचा छोटा मा वेदात कधीच उदात्त नसतो, तो आधीच्या शब्दाला चिकटून खाली दबलेला येतो. तसा असता तर रेघ मा च्या खाली आली असती. अमृत शब्दातही जोर मृ वर आहे, त्याचा अ दबलेलाच, त्यामुळे मा ला जोर त्या अ कडून आला असंही म्हणता येत नाही. जोरानं येतो तो नकाराचा मा, मा भैः म्हणजे भिऊ नको, त्यातला. म्हणून ‘अमृतापासून नको’.

कापूर
अनुस्वार सर, थोडं थांबा. आमच्या गुरुजींनी फोड वेगळी शिकवली होती, मा अधिक आ अधिक अमृतात्. आ म्हणजे पर्यंत. मराठीत आजन्म, आमरण म्हणतो तोच आ, आणि संस्कृतात त्याच्यापुढे पंचमीच येते. मग अर्थ होतो मला अमृतत्व मिळेपर्यंत सोडव. अमृतात् ही पंचमी आहे त्यामुळे ‘अमृताकडे’ हे भाषांतर व्याकरणात बसत नाही हे कबूल, पण ‘अमृतापर्यंत’ बसतं ना? आणि तुमचा रेघेचा मुद्दा इथे लागू होत नाही, कारण आ स्वतः उदात्त आहे, तो दबलेल्या मा मध्ये मिसळला की मिळून मा उदात्तच होणार.
बाकी उर्वारुक चा अर्थ पण काकडी नाहीये. उर्वा म्हणजे मोठा आणि आरुक म्हणजे रोग, मोठ्या रोगासारख्या बंधनातून सोडव, असा खरा अर्थ आहे.

अनुस्वार
कापूर, पहिला मुद्दा एकदम बरोबर, मी घाईनं लिहिलं. रेघेवरून मा अधिक अमृतात् यातला ‘मला’ बाद होतो, मध्ये आ घातला तर बाद होत नाही. तरी मला ती फोड पटत नाही, का ते सांगतो. मुक्षीय हे मुच् धातूचं आत्मनेपदी, उत्तम पुरुषाचं एकवचन आहे, ‘मी सुटावं’ अशी इच्छा त्यातच भरलेली आहे. ‘मी सुटावं’ म्हटल्यावर परत ‘मला’ कशाला? कर्म ठेवायला तिथे जागाच नाही. ‘मला सोडव’ असं आपण मराठीत करतो म्हणून मला हा शब्द शोधायची सवय लागते, मूळ वाक्यात सोडव असं देवाला म्हटलेलंच नाहीये.

रोगवाला अर्थ मात्र सोडून द्या. उर्वारु, एर्वारु हे काकडीवर्गातल्या फळाचं नाव म्हणून संस्कृतात सरळ येतं, त्याची अशी चिरफाड करायचं कारण नाही. आणि ‘रोगासारख्या बंधनातून’ म्हणायचं तर दोन्ही शब्द एकाच विभक्तीत हवेत, उर्वारुकम् पंचमीत नाहीये.

रानजाई
म्हणजे ‘आ’ चा निकाल फक्त व्याकरणावर? दुसरा काही पुरावा नाही का?

अनुस्वार
आहे, आणि मला तो फार आवडतो. शुक्ल यजुर्वेदात तिसऱ्या अध्यायात 60 वा मंत्र बघा, हीच ऋचा आहे आणि लगेच तिची जोडीदार दिलीय:

त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम् ।
उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः ॥

पुष्टिवर्धन च्या जागी पतिवेदन, म्हणजे नवरा मिळवून देणारा. रुद्राच्या त्र्यंबक होमात लग्न न झालेल्या मुली अग्नीभोवती फिरताना हे म्हणायच्या. इतः म्हणजे इथून, माहेरातून. अमुतः म्हणजे तिथून, सासरहून. इथून सुटू दे, तिथून नको. आता कापूर म्हणतील इथेही आ घालता येईल, ‘तिथपर्यंत’. पण अथर्ववेदात चौदाव्या कांडात लग्नाच्या सूक्तात हीच काकडीची ओळ परत येते आणि तिथे शब्द आहेत ‘प्रेतो मुञ्चामि नामुतः’. स्वच्छ न आहे. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात पण तेच, इथून सोडवतो, तिथून नाही, तिथे मी हिला घट्ट बांधलेली करतो. म्हणजे ‘इकडून सुटका, तिकडून नको’ हा त्या काळचा तयार साचा होता, आणि मृत्यु आणि अमृत त्याच साच्यात बसतात.

कापूर
हे मला माहीत नव्हतं, नामुतः वाचून धक्काच बसला. तरी एक शंका राहतेच. ऋग्वेदाच्या पदपाठात, म्हणजे जिथे शब्द शब्द सुटा करून दिलाय तिथे, या ऋचेची फोडच दिलेली नाही ना? ज्या मोजक्या सहा ऋचा तशाच सोडल्यात त्यातली ही एक. पदपाठ करणाऱ्या शाकल्यानं फोड केली असती तर आपण भांडलोच नसतो. लग्नाच्या मंत्रातला न बघून मृत्यूच्या मंत्रातला मा ठरवायचा हे मला अजून पूर्ण पचत नाही.

अनुस्वार
तेवढी जागा मोकळी आहे हे मान्य.

बांधावरून
संस्कृत येत नाही पण काकडीचं बोलतो, दोन एकरावर खरबूज असतं माझं. काकडी पिकल्यावर आपोआप सुटते असं सगळे सांगतात पण साधी काकडी अशी सुटत नाही हो. बियाण्याला ठेवली तर पिवळीजर्द होते, मऊ पडते, पण देठाला धरूनच असते, कापूनच काढावी लागते. सुटतं ते खरबूज, चिबूड, वाळूक, शेंदाड या जातीचं फळ. फळ तयार व्हायला लागलं की देठ जिथं फळाला मिळतो तिथं गोल बारीक चीर पडायला लागते, आधी केसाएवढी, मग पूर्ण गोल. तेव्हा अंगठ्यानं नुसतं दाबलं तरी फळ हातात येतं आणि देठ वेलावरच राहतो. फळाला बशीसारखा स्वच्छ खळगा दिसतो. कच्चं ओढलं तर देठाचा तुकडा फळाला लागून येतो नाहीतर वेल फाटतो, व्यापारी तेवढं बघूनच ओळखतो कच्चा माल आहे म्हणून. आणि चीर पडायला लागते त्याच दिवसांत वास सुटतो, सकाळी शेतात शिरलं की कळतं. तुमच्या मंत्रात सुगंधी आहेच की!

अनुस्वार
हे सोन्यासारखं सांगितलंत. बन्धन चा अर्थ भाष्यात देठ असाच घेतात, वेल नाही, आणि तुमची गोल चीर नेमकी तिथेच पडते. सुगन्धिं मात्र फळाला लावू नका, ते यजामहे चं कर्म आहे, त्र्यम्बकाचं विशेषण. ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही जवळ आली असतील तर तो भाग वेगळा. पण उर्वारुक ला डोळे झाकून आजची काकडी म्हणू नये हे तुमच्यामुळे पक्कं झालं, वाळकासारखं फळ जास्त जुळतं.

सांजवात
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आई तीन आठवडे अतिदक्षता विभागात होती तेव्हा आम्ही सव्वा लाख जप करून घेतला, मी पण रोज बाहेर बाकावर बसून म्हणत होते. आता वाचतेय की मुक्षीय म्हणजे मी सुटावं. मग मी इतके दिवस आईसाठी म्हणत होते ते माझ्यासाठीच झालं का? आई गेली, म्हणून हे डोक्यातून जात नाहीये.

अनुस्वार
ताई, नाही. जप दुसऱ्यासाठी करतात तेव्हा कुणासाठी ते संकल्पात येतं, नाव गोत्र घेऊन. ऋचेतला मी तसाच राहतो, म्हणणारा त्या माणसाच्या जागी उभा राहून म्हणतो. आणि पहिलं क्रियापद बघा, यजामहे, आम्ही. ‘आम्ही’ नं सुरू होऊन ‘मी’ वर येते ही ऋचा. एका ऋचेत वचन असं का बदललं यावर मला एकही पटणारं उत्तर मिळालेलं नाही, पण ते ‘आम्ही’ तुमच्या बाकावर होतंच.

बांधावरून
ताई, पिकलेलं फळ सुटतं तेव्हा वेलाला जखम होत नाही, एवढं मी रोज बघतो.

रानजाई
सांजवात, तुमच्यासाठी वाईट वाटलं. अनुस्वार काका, एक शेवटचं, मग म्हणताना मुक्षीय नंतर थांबायचं की मामृतात् जोडून? आमच्याकडे ‘मुक्षीयमा’ म्हणून थांबतात आणि मग ‘मृतात्’.

अनुस्वार
तिथे अजिबात थांबू नका, ‘मृतात्’ सुटं पडलं तर ऐकणाऱ्याला अमृताचं मृत ऐकू येतं. मृत्योर्मुक्षीय मामृतात् एका श्वासात. दम लागत असेल तर बन्धनात् नंतर थांबा, तिथे चरण संपतो, तेव्हा मात्र न् चा परत त् करून बन्धनात् असं म्हणायचं.