मदत हवी आहे: घड्याळ फोनला जोडलेले दिसते, पण त्याच्या ॲपला सापडत नाही

वारणाकाठ:
नमस्कार. माझ्या वडिलांकडे दोन वर्षांपासून एक स्मार्टवॉच आहे. त्यावरून फोनवर बोलताही येते. आजवर ते त्यांच्या अँड्रॉइड १० असलेल्या फोनला जोडलेले होते आणि विनातक्रार चालत होते. गेल्या आठवड्यात मी त्यांना अँड्रॉइड १४ चा नवा फोन घेऊन दिला. त्याच्या ब्लूटूथच्या यादीत घड्याळाचे नाव दिसले, ते मी निवडले आणि लगेच Paired असे उमटले. आलेल्या फोनचा आवाजही घड्याळातून ऐकू येतो. मात्र घड्याळाच्या ॲपमध्ये Add device दाबले की ते मिनिटभर शोधत राहते आणि काहीच सापडले नाही असे सांगते. त्यामुळे पावलांची नोंद फोनवर येत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोळ्यांच्या वेळा बदलून घड्याळात भरता येत नाहीत.

ॲपने लोकेशनची परवानगी मागितली होती, ती मी नाकारली. मनगटावरच्या घड्याळाशी बोलण्यासाठी वडील कुठे आहेत हे ॲपला का कळावे, हे मला पटले नाही. फोन दोनदा बंद करून चालू केला, ॲप काढून पुन्हा घातले, तरी फरक नाही. आणखी काय तपासावे?

ओंकार_डोंबिवली:
माझ्याही घड्याळात हाच त्रास होता. सकाळी चालून आलो की नकाशावर वाट उमटत नसे. घड्याळाला स्वतःचे जीपीएस नसेल तर ते फोनचे वापरते, म्हणून चालायला जाताना फोन खिशात ठेवावा.

वारणाकाठ:
धन्यवाद, पण आमची अडचण त्याआधीची आहे. ॲपला घड्याळ मुळात सापडतच नाही.

पारिजात:
लोकेशनची अट जुन्या अँड्रॉइडची होती. अँड्रॉइड १२ पासून Nearby devices ही वेगळी परवानगी आली आहे, तेवढी दिली की पुरते. लोकेशन नाकारले ते योग्यच केले. माझ्या मते घड्याळ फॅक्टरी रीसेट करावे, सगळे जुने पुसले जाईल आणि ते नव्यासारखे जोडता येईल.

सह्यवारा:
रीसेट करण्याची घाई कृपया करू नका. फोनवर न आलेल्या पावलांच्या नोंदी त्याने जातील. शिवाय घड्याळ आपली किल्ली विसरेल, पण फोनच्या यादीतली जुनी नोंद तशीच राहील, आणि मग क्षणभर जोडले जाऊन लगेच तुटण्याचे चक्र सुरू होऊ शकते.

आधी Paired दिसण्याचा अर्थ पाहू. बोलण्याची सोय असलेल्या घड्याळांत बहुधा दोन वेगळे मार्ग असतात. आवाज साध्या ब्लूटूथने जातो, हेडफोनचा जातो तसा. पावले, सूचना, गजर हे सारे कमी वीज खाणाऱ्या दुसऱ्या ब्लूटूथने जाते, आणि ॲप फक्त त्या दुसऱ्या मार्गाने शोधते. आपण फोनच्या सेटिंगमधून जोडलेत तेव्हा केवळ आवाजाचा मार्ग जोडला गेला असणार. म्हणूनच बोलणे होते आहे आणि बाकी काही होत नाही.

आता लोकेशन. दुकानांत, विमानतळांवर छोटी ब्लूटूथ उपकरणे बसवलेली असतात आणि ती सतत आपली ओळख हवेत सोडत असतात. आसपासची अशी उपकरणे ज्या ॲपला वाचता येतात, त्याला आपण कुठे उभे आहोत हेही ओळखता येते. म्हणून अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, असा शोध घेणे हे लोकेशन वाचण्यासारखेच धरले गेले. पारिजात म्हणतात तशी वेगळी परवानगी अँड्रॉइड १२ मध्ये आली हे खरे; पण ॲप नव्या नियमांनुसार बांधलेले असेल आणि ‘या शोधातून ठिकाण काढणार नाही’ असे त्यात घोषित केलेले असेल, तरच लोकेशनवाचून चालते. बरीच ॲप अजून तशी नाहीत. त्यांच्यासाठी परवानगी तर लागतेच, शिवाय वरची पट्टी ओढल्यावर दिसणारे लोकेशनचे मुख्य बटणही चालू असावे लागते. यातले काही कमी असेल तर फोन त्रुटी दाखवेलच असे नाही. पुष्कळदा ॲपच्या हाती रिकामी यादी येते आणि ते बापडे शोधत राहते.

तेव्हा ॲपच्या परवानग्यांत Nearby devices आणि लोकेशन या दोन्हींना Allow द्या. लोकेशनला Allow only while using the app पुरेसे आहे, मात्र Use precise location चालू ठेवा. आपण एकाहून अधिक वेळा नकार दिला असेल तर ॲप पुन्हा विचारणार नाही. सेटिंगमध्ये जाऊनच बदलावे लागेल.

वारणाकाठ:
इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. फोनच्या यादीतून घड्याळ Forget केले, दोन्ही परवानग्या दिल्या, लोकेशनचे बटण चालू केले. आता ॲपच्या यादीत शेजाऱ्यांचा पट्टा दिसतो, पण आमचे घड्याळ अजूनही नाही.

सह्यवारा:
शेजाऱ्यांचा पट्टा दिसतो, म्हणजे परवानगीचा प्रश्न सुटला आणि फोन शोधतो आहे. उरते ते घड्याळ. अशी घड्याळे एका फोनला बांधली गेली की स्वतःची हाक देणे सहसा थांबवतात, मग दुसऱ्या कोणालाही ती दिसत नाहीत. nRF Connect हे मोफत ॲप घेऊन, त्याने मागितलेल्या परवानग्या देऊन, Scan दाबा आणि घड्याळ फोनला लावून धरा. नाव दिसले नाही, तर घड्याळ दुसरीकडे कुठेतरी जोडलेले आहे असे समजा. जुना फोन सध्या कुठे आहे?

वारणाकाठ:
जुना फोन पुतण्याला खेळायला दिला आहे, तो त्याच घरात असतो. आपल्या प्रश्नावरून उठून पाहिले, तर त्यावर घड्याळाचे ॲप तसेच आहे, ब्लूटूथ चालू आहे आणि ॲपमध्ये Connected लिहिलेले आहे. nRF Connect मध्ये घड्याळ दिसले नव्हते. जुन्या फोनचे ब्लूटूथ बंद केल्यावर काही क्षणांतच ते यादीत सर्वांत वर आले.

सह्यवारा:
मग कारण मिळाले. आता जुन्या फोनचे ब्लूटूथ पुन्हा चालू करून त्याच्या ॲपमधून आधी पावले फोनवर घ्या, मग Unbind करा. केवळ ॲप काढून टाकू नका, कारण काही घड्याळे जुने बंधन सुटल्याखेरीज नवे स्वीकारत नाहीत. त्यानंतर त्या फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही घड्याळ काढा. नव्या फोनवर मात्र ब्लूटूथच्या यादीला हात न लावता ॲपच्या Add device मधूनच जोडा, आणि घड्याळाच्या पडद्यावर खूण येईल ती स्वीकारा. आवाजाची जोडणी सर्वांत शेवटी करा.

वारणाकाठ:
याच क्रमाने केले आणि पहिल्याच प्रयत्नात जोडले गेले. गोळ्यांच्या वेळा भरल्या, रात्री साडेआठचा गजर मनगटावर वाजलाही. वडिलांना फार हायसे वाटले.

एक शंका उरली आहे. जोडणी झाल्यावर मी लोकेशनचे मुख्य बटण बंद केले. घड्याळ जोडलेले राहिले. वडील फोन घरी ठेवून कोपऱ्यावरून दूध घेऊन आले, तेव्हा ते आपोआप पुन्हा जोडले गेले. संध्याकाळी मात्र तसेच बाहेर जाऊन आल्यावर जोडले गेले नाही. बटण चालू करून ॲप उघडल्यावर जोडले. असे का व्हावे?

पारिजात:
माझ्याकडे लोकेशन कायम बंद असते आणि काही अडत नाही. अर्थात माझे घड्याळ आणि ॲप दोन्ही वेगळी आहेत.

सह्यवारा:
ओळखीच्या पत्त्यावर थेट जोडायचे असेल तर नव्याने शोधावे लागत नाही, म्हणून लोकेशनही लागत नाही. ॲप आधी तसा प्रयत्न करत असेल आणि तो फसला की नव्याने शोध घेत असेल, तर दोन्ही अनुभव जुळतात. पण बॅटरी वाचवण्यासाठी फोनने संध्याकाळी ॲपला झोपवले असणेही तितकेच शक्य आहे. ॲपची बॅटरी Unrestricted करून, लोकेशन बंदच ठेवून, दोन-तीन दिवस पाहा आणि काय दिसते ते इथे लिहा.