मदत हवी आहे: कथेतील मौन नेमके कोणत्या वाक्याने तुटावे?

मी एक लघुकथा लिहीत आहे. पत्नीने परगावच्या नोकरीला परस्पर होकार दिल्याचे नवऱ्याला तिसऱ्याच व्यक्तीकडून कळले आहे आणि त्यानंतर सहा आठवडे दोघांत अबोला आहे. बावीस तासांच्या रेल्वेप्रवासात ते प्रथमच मोकळेपणाने बोलतात. आधीची पाने मला जमली आहेत, असे वाटते. मात्र तो "आपण बोलायला हवं" असे म्हणतो आणि पुढे दीड पान सलग बोलत राहतो, तिथे कथा खोटी वाटू लागते. हा सांधा कसा जुळवावा?

प्रतिसाद १
अबोल्याच्या काळात मन हलके करायला मी आणि माझे यजमान एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत असू. आपणही तसे करून पाहावे. आपल्या यजमानांनी समजून घेतले, तर आपणही घ्यावे.

प्रतिसाद २
गाडी आडरानात बंद पाडावी. संकटात माणसे आपोआप बोलू लागतात.

प्रतिसाद ३
गाडी थांबवावी हे मला पटते, मात्र कारण वेगळे आहे. गाडी धावत असताना चाकांच्या आवाजात हळू बोललेले शेजारच्यांना ऐकू जात नाही. ती थांबली की तेच वाक्य उघडे पडते. म्हणून ती बोलण्याच्या सुरुवातीला न थांबवता मध्येच, एखादे वाक्य अर्धे असताना थांबवा. त्याला ते गिळावे लागेल, आणि गाडी पुन्हा हलेपर्यंतची शांतता आधीच्या सहा आठवड्यांहून जड होईल.

दुसरे असे की, अबोला धरलेली माणसेही "दार लावलंस का" एवढे बोलतच असतात. त्या कामापुरत्या बोलण्यातूनच वाट काढा आणि एक छोटा, ज्याचे उत्तर देता येईल असा प्रश्न तिच्या तोंडी द्या. रात्री डब्यात दिवा असेपर्यंत खिडकीची काच आरशासारखी असते. त्याच्याकडे न वळताही तिला त्याचा चेहरा दिसतो. दिवा मालवला की प्रतिबिंब जाते आणि उरतो तो फक्त आवाज. ती तेव्हा विचारू शकेल.

प्रश्नकर्ती
प्रतिसाद १ लिहिणाऱ्या ताईंचे आभार. हा प्रश्न माझ्या घरचा नसून कथेतला आहे, तरी चिठ्ठी मनात राहील. काल रात्री तो भाग असा लिहून पाहिला:

"चादर हवी का?"
"नको."
दिवा मालवला.
"तुला कळलं तेव्हा तू कुठे होतास?"
"जिन्यात. पिशव्या हातात होत्या."
"मग?"
"मग वर आलो. तू विचारलंस, उशीर का झाला. मला वाटलं, आता सांगशील. तू—"
गाडी थांबली.

दीड पानाचे भाषण यात आपोआप गळून पडले. आता अडचण अशी आहे की, गाडी हलल्यावर त्याने तेच वाक्य पूर्ण करावे, की तिने आपणहून उत्तर द्यावे?

प्रतिसाद २
त्यानेच पूर्ण करावे. सहा आठवडे त्याने ते मनात घोळवले आहे.

प्रतिसाद ३
मी ते तिच्याकडे सोपवीन. तिला उरलेले शब्द ठाऊक आहेत, हेच त्याला अजून ठाऊक नाही.